रिझर्व्ह बँकेचे पैसे संपू शकतात का? नफा येतो कुठून आणि तोटा बसतो कुठे

प्रश्न: दरवर्षी मे महिन्यात बातमी येते की रिझर्व्ह बँकेने सरकारला अमुक लाख कोटी दिले. जी बँक स्वतःच नोटा छापते तिला नफा होतो म्हणजे नेमकं काय होतं? एका वर्षी ३० हजार कोटी आणि दोन वर्षांनी एकदम २ लाख कोटी, हे कसं? आणि उद्या तोटा झाला तर? रिझर्व्ह बँकेचे पैसे संपू शकतात का? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर:

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. रिझर्व्ह बँकेकडचे रुपये संपत नाहीत. डॉलर संपू शकतात, आणि १९९१ मध्ये ते संपत आले होते. याशिवाय आणखी एक गोष्ट संपू शकते: महागाई आवरण्यासाठी व्याजदर वाढवण्याची मोकळीक. तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं, म्हणून तिच्यावर शेवटी थोडं जास्त लिहितो.

माझी सगळी नोकरी बँकेच्या ट्रेझरीत गेली. डॉलर आणि सरकारी रोख्यांची खरेदी-विक्री, रोज संध्याकाळी पैसे जास्त झाले की रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचे, कमी पडले की घ्यायचे. म्हणजे हा विषय मी समोरच्या बाजूने पाहिला. पण आमचं येणं ते त्यांचं देणं, त्यामुळे त्यांचा ताळेबंद वाचायची सवय लागली ती लागलीच.

एक उदाहरण घेऊ. ठाणे-बेलापूर रस्त्यावर रबाळ्याच्या एमआयडीसीत एक कारखाना आहे, त्याचा माल अमेरिकेला जातो आणि त्याचे १ कोटी डॉलर आले, असं धरा. पगार आणि वीजबिल रुपयांत द्यायचं असल्यामुळे कारखाना ते डॉलर आपल्या बँकेला विकतो. त्या दिवशी बाजारात डॉलर उदंड असतील आणि घेणारे कमी, तर रिझर्व्ह बँक ते उचलते. भाव ७० रुपये धरू. मग हे ७० कोटी रुपये रिझर्व्ह बँक आणते कुठून? कुठूनच नाही. प्रत्येक बँकेचं रिझर्व्ह बँकेत एक खातं असतं. त्या बँकेच्या खात्यात ७० कोटी जमा झाले, अशी नोंद होते आणि व्यवहार संपतो. ताळेबंदाच्या एका बाजूला १ कोटी डॉलरची मालमत्ता आली, दुसऱ्या बाजूला ७० कोटींचं देणं. पुढे कारखान्यातल्या लोकांनी एटीएममधून पगार काढला की त्या देण्याचा काही भाग नोटांच्या रूपात फिरू लागतो. पण तुमच्या खिशातली नोट हेही रिझर्व्ह बँकेच्या दृष्टीने देणंच.

आता ते डॉलर तिजोरीत पडून राहत नाहीत. त्यातून प्रामुख्याने परदेशी सरकारांचे रोखे घेतले जातात. त्यांवर ४ टक्के व्याज धरलं तर वर्षाला ४ लाख डॉलर आले. समोरच्या देण्यावर मात्र रिझर्व्ह बँक किती व्याज देते? नोटांवर शून्य. बँका सीआरआर म्हणून जी सक्तीची रक्कम ठेवतात, तिच्यावर २००७ पासून शून्य. सीआरआरच्या वरचा जो पैसा बँका रात्रीपुरता ठेवतात, फक्त त्याच्यावर व्याज द्यावं लागतं. पूर्वी ते रिव्हर्स रेपोच्या वाटेने जायचं, म्हणजे रिझर्व्ह बँक रोखे तारण देऊन बँकांचा पैसा घ्यायची; एप्रिल २०२२ पासून मुख्यतः एसडीएफच्या, म्हणजे तारण न देता घेतलेल्या ठेवींच्या. म्हणजे मालमत्तेवर व्याज येतं आणि देण्याचा मोठा हिस्सा फुकटचा आहे. नफ्याचा पाया हा एवढाच. छपाईचा खर्च त्यापुढे किरकोळ: २०२३-२४ मध्ये नोटा छापायला सुमारे ५,१०० कोटी लागले आणि त्या वर्षीचं उत्पन्न होतं २.७५ लाख कोटी.

दुसरा भाग जास्त मजेदार आहे. डॉलर ७० वरून ८५ वर गेला. रिझर्व्ह बँकेकडच्या १ कोटी डॉलरची किंमत रुपयांत १५ कोटींनी वाढली. हा नफा आहे का? खासगी कंपनीच्या डोळ्यांनी पाहिलं तर वाटेल, आहे. रिझर्व्ह बँक मात्र तो उत्पन्नात धरत नाही. ती वाढ एका वेगळ्या खात्यात जाते, चलन आणि सोने पुनर्मूल्यांकन खातं. ट्रेझरीवाले त्याला सीजीआरए म्हणतात. मार्च २०२४ अखेर त्या खात्यात ११ लाख कोटींहून अधिक रक्कम होती. सोन्याचा भाव चढला की ती फुगते, रुपया घसरला की फुगते. तिच्यातला एक रुपयाही सरकारला देता येत नाही, कारण उद्या भाव फिरला तर ती तशीच विरणार आहे.

पण रिझर्व्ह बँकेने तोच १ कोटी डॉलर ८५ ला विकला की चित्र बदलतं. रुपया फार वेगाने घसरू लागला की ती बाजारात डॉलर विकते, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. विकल्यावर घेणाऱ्या बँकेच्या खात्यातून ८५ कोटी वजा होतात. सरासरी खरेदी-किंमत होती ७०, म्हणून १५ कोटी आता प्रत्यक्ष हाती आलेला नफा झाला. पुनर्मूल्यांकन खात्यातून तेवढी रक्कम कमी झाली आणि उत्पन्नात चढली. २०२२-२३ मध्ये अशा विदेशी चलनाच्या व्यवहारांतून आलेलं उत्पन्न १ लाख ३ हजार कोटींच्या वर होतं. त्याच वर्षी सरकारला दिले गेले ८७,४१६ कोटी. म्हणजे रुपया सावरण्यासाठी विकलेल्या जुन्या, स्वस्तात घेतलेल्या डॉलरची कमाईच त्या वर्षीच्या हस्तांतरणापेक्षा मोठी होती. रुपया घसरला की वर्तमानपत्रं हळहळतात. रिझर्व्ह बँकेच्या नफ्या-तोट्याच्या पत्रकात मात्र ते वर्ष बरं जातं.

इथे थोडं थांबून हा पैसा कसा फिरला ते पाहा, कारण संपण्या-न संपण्याचं उत्तर यातच आहे. डॉलर विकताना रिझर्व्ह बँकेने बँकांच्या खात्यांतून ८५ कोटी काढून घेतले. ते रुपये कुठे गेले? नाहीसे झाले. रिझर्व्ह बँकेचं देणं तेवढ्याने घटलं, बस्स. तिने ते कुठल्या कपाटात भरून ठेवलेले नाहीत. पुढे वर्षअखेर १५ कोटी नफा सरकारला द्यायचा ठरला, तेव्हा सरकारच्या खात्यात १५ कोटी नव्याने जमा दाखवले गेले. सरकारने त्यातून रस्त्याचं बिल किंवा पगार दिले की ते पुन्हा बँकांच्या खात्यांत पोहोचले. म्हणजे ८५ कोटी बाहेर ओढले आणि १५ कोटी परत सोडले. मेअखेर ही मोठी रक्कम सरकारला मिळाली की सरकारचा खर्च जसा होत जातो तसा पुढच्या काही आठवड्यांत बँकांकडे पैसा सैल होतो. ट्रेझरीत बसणाऱ्याला हे तारखेसकट आधीच ठाऊक असतं आणि तो त्यानुसार रोखे घेऊन ठेवतो.

तेव्हा रिझर्व्ह बँक सरकारला पैसे देते म्हणजे साठवलेल्यातून काढून देते, अशी समजूत असेल तर ती सोडून द्या. ती देते तेव्हा नवे रुपये जन्माला येतात. मग प्रश्न असा उरतो की असे नवे रुपये किती निर्माण केले तर महागाई वाढणार नाही. नफ्याएवढेच द्यायचे, कागदी वाढीला हात लावायचा नाही आणि आधी अडीअडचणीसाठीची गंगाजळी भरायची, हे तिन्ही नियम त्यासाठीच आहेत.

कायद्यात हे एका कलमात आहे. १९३४ च्या रिझर्व्ह बँक कायद्याचं कलम ४७ सांगतं की बुडीत कर्जं, मालमत्तेची घट, कर्मचारी निधी वगैरेंसाठी तरतूद केल्यावर उरलेला नफा केंद्र सरकारला द्यायचा. बँकेला आयकर नाही. भागभांडवल १९३५ पासून आजतागायत ५ कोटी रुपये आहे. मार्च २०२५ अखेरच्या ७६ लाख कोटींच्या ताळेबंदावर ५ कोटी भांडवल! ते आता नावापुरतं आहे. खरं भांडवल म्हणजे तरतुदींतून वर्षानुवर्षं साठवलेला कंटिन्जन्सी फंड, वर म्हणालो ती गंगाजळी मुख्यतः हीच. सोसायटीत सिंकिंग फंड असतो तसाच हा, फक्त इमारतीऐवजी बँकिंग व्यवस्थेला तडे गेले तर वापरायचा. तो किती असावा यावरून २०१८ मध्ये सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात चांगलीच ताणाताणी झाली. मग माजी गव्हर्नर बिमल जालान यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये नियम ठरला: प्रत्यक्ष कमावलेल्या नफ्यातून साठवलेली गंगाजळी ताळेबंदाच्या ५.५ ते ६.५ टक्के असावी, पुनर्मूल्यांकनाची रक्कम वाटू नये. त्या वर्षी संचालक मंडळाने खालचं टोक, म्हणजे ५.५ टक्के निवडलं. त्यापेक्षा जास्त ठरलेले ५२,६३७ कोटी वर्षाच्या नफ्यात मिळवून सरकारला एकूण १,७६,०५१ कोटी गेले. माझं मत विचाराल तर समितीने पुनर्मूल्यांकनाच्या रकमेला कुलूप लावलं, हे फार चांगलं केलं. पहिल्याच वर्षी खालचं टोक निवडणं मला घाईचं वाटलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ३० हजार कोटी आणि २ लाख कोटींचा. २०२१-२२ मध्ये सरकारला ३०,३०७ कोटी मिळाले. २०२२-२३ मध्ये ८७,४१६ कोटी. २०२३-२४ मध्ये २,१०,८७४ कोटी. वर्तमानपत्रांनी शेवटच्या उडीचं वर्णन विक्रमी नफा असं केलं. प्रत्यक्षात काय झालं ते दोन वर्षं शेजारी ठेवून पाहू.

२०२२-२३ मध्ये उत्पन्न होतं २,३५,४५७ कोटी. कंटिन्जन्सी फंडासाठी तरतूद केली १,३०,८७६ कोटी. बाकीचा सगळा खर्च, म्हणजे छपाई, पगार, बँकांना दिलेलं कमिशन वगैरे, साधारण १७,१६० कोटी. २०२३-२४ मध्ये उत्पन्न झालं २,७५,५७२ कोटी, तरतूद उतरून ४२,८२० कोटींवर आली आणि बाकीचा खर्च सुमारे २१,८७० कोटी. (दोन्ही वर्षी ४ कोटी चार जुन्या वैधानिक निधींना जातात, एकेकाला १ कोटी. ही परंपरा अजून का चालू आहे, कोण जाणे.)

उत्पन्न वाढलं ४० हजार कोटींनी. तरतूद घटली ८८ हजार कोटींनी. बाकीचा खर्च पाच हजार कोटींच्या आत वाढला. सरकारला जास्तीचे मिळाले १ लाख २३ हजार कोटी, त्यातला जवळपास ७० टक्के भाग तरतूद कमी झाल्यामुळे. रिझर्व्ह बँकेने त्या वर्षी अडीचपट कमावलं नव्हतं. बाजूला काढून ठेवलेली रक्कम एक तृतीयांश झाली होती.

मग आधीच्या वर्षी एवढी मोठी तरतूद का लागली? कारण अमेरिकेत आहे. २०२२ मध्ये तिथल्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हने, व्याजदर झपाट्याने वाढवले. व्याजदर वाढला की आधी घेतलेल्या रोख्याची किंमत पडते, हे ट्रेझरीत पहिल्याच आठवड्यात शिकवतात. रिझर्व्ह बँकेकडे परदेशी रोख्यांचा डोंगर आहे, त्यांची किंमत पडली. हाही कागदीच तोटा, विकला नाही तर प्रत्यक्षात होत नाही. तो परदेशी रोख्यांच्या पुनर्मूल्यांकन खात्यात जातो. पण नियम असा की हे खातं वजा झालं तर वर्षअखेरीस ती वजा रक्कम कंटिन्जन्सी फंडातून भरायची. पुढच्या वर्षाच्या पहिल्या कामकाजाच्या दिवशी ती नोंद उलटवतात, पण ताळेबंदाच्या दिवशी फंड खाली गेलेला असतो. मार्च २०२३ अखेर ही वजा रक्कम दीड लाख कोटींच्या वर होती. त्याच वर्षी मंडळाने गंगाजळीचं प्रमाण ५.५ वरून ६ टक्क्यांवर न्यायचं ठरवलं. एकीकडे फंडाला खड्डा पडलेला, दुसरीकडे पातळी वर न्यायची. तो खड्डा उत्पन्नातून भरावा लागला आणि सरकारचा वाटा आकसला. वॉशिंग्टनमधल्या निर्णयाने दिल्लीच्या अर्थसंकल्पाचा एक आकडा असा हलतो.

यात एक मुद्दाम ठेवलेली विषमता आहे. कागदी नफा वाटता येत नाही, पण कागदी तोट्यासाठी खिशातून तरतूद करावी लागते. अर्थमंत्रालयातल्या लोकांना हे कधीकधी अन्यायाचं वाटतं. मला ते योग्य वाटतं, कारण उलट केलं तर चांगल्या वर्षी कागदी नफा सरकारकडे जाईल आणि वाईट वर्षी तो परत मागायची सोय नाही. कलम ४७ मध्ये उरलेला नफा द्यायचा उल्लेख आहे. तोटा सरकारने भरून द्यावा असा नाही.

खरोखरच मोठा तोटा झाला तर काय होईल, ते आकड्यांतच पाहू. रिझर्व्ह बँकेच्या मालमत्तेत जवळपास तीन चतुर्थांश परदेशी चलन, सोनं आणि परदेशातली येणी आहेत. मार्च २०२५ अखेर ताळेबंद ७६.२५ लाख कोटींचा होता, म्हणजे तो भाग ५६ लाख कोटींच्या आसपास. आपल्याला वाटतं रुपया मजबूत झाला की सगळ्यांचं भलं. पण समजा परदेशी चलन रुपयांत १० टक्क्यांनी स्वस्त झालं आणि सोनंही तेवढंच उतरलं, तर रुपयांत साडेपाच लाख कोटींहून जास्त किंमत उडेल. तो फटका आधी चलन आणि सोने खात्यावर जाईल. तिथे पुरेशी जागा आहे, म्हणून नफ्या-तोट्याच्या पत्रकात ओरखडाही उठणार नाही. ते खातंच आटलं तर कंटिन्जन्सी फंड. त्याच्याही पलीकडे गेलं तर भांडवल वजा. आणि भांडवल वजा झाल्यावर? दुसऱ्या दिवशी सकाळी बँकांची खाती चालू राहतील, चेक वटतील, पगार जमा होतील, कारण रिझर्व्ह बँकेचं देणं रुपयांत आहे आणि रुपये तिचेच आहेत. सामान्य बँकेचं भांडवल वजा झालं की ठेवीदार पळतात. इथे पळून जायचं कुठे? एका रुपयाच्या बदल्यात दुसरा रुपयाच मिळणार.

हे नुसतं पुस्तकी नाही. स्विस नॅशनल बँकेला २०२२ मध्ये १३२.५ अब्ज फ्रँकचा तोटा झाला. तिने संघराज्य आणि प्रांतांना मिळणारं वाटप दोन वर्षं थांबवलं. फ्रँक मजबूतच राहिला आणि महागाईही युरोपात सगळ्यात कमी असणाऱ्यांत. झेक नॅशनल बँकेने तर वर्षानुवर्षं वजा भांडवलावर व्यवस्थित कारभार केला. अमेरिकेच्या फेडने २०२३ मध्ये ११४ अब्ज डॉलर तोटा नोंदवला. तिथे हिशेबाची पद्धत गमतीची आहे: तोटा झाला की भांडवल कमी करत नाहीत, पुढे होणाऱ्या नफ्यावरचा दावा म्हणून तो मालमत्तेच्या बाजूला नोंदतात, आणि तो पूर्ण फिटेपर्यंत सरकारला नियमित पैसे देणं बंद. आमच्याकडे एखाद्या सहकारी पतपेढीने असं केलं असतं तर लेखापरीक्षक रात्रभर झोपला नसता.

फेडला तोटा झाला कसा, हे समजून घ्या, कारण धोका तिथून सुरू होतो. फेडने स्वस्त काळात लांब मुदतीचे रोखे घेतले होते, त्यांवर व्याज कमी आणि ठरलेलं. समोर बँकांच्या ठेवी, आणि त्या ठेवींवर फेड व्याज देते. धोरणदर ५ टक्क्यांच्या वर नेल्यावर ठेवींवरचं व्याज रोख्यांवरच्या उत्पन्नापेक्षा जास्त झालं. हा तोटा ती कुणाकडे मागत नाही. बँकांच्या खात्यात व्याज म्हणून नवे डॉलर जमा करते. त्या नव्या ठेवींवर पुन्हा व्याज द्यावं लागतं. अमेरिकेत हा फेरा छोटा आहे, कारण व्याज न लागणाऱ्या नोटांचा साठा प्रचंड आहे आणि जुने रोखे हळूहळू संपतात.

आपल्याकडे याची एक चुणूक २०१६-१७ मध्ये दिसली. नोटाबंदीच्या वेळी पुष्कळांना वाटलं होतं की न परतलेल्या नोटा हा रिझर्व्ह बँकेचा नफा होईल आणि सरकारला घसघशीत रक्कम मिळेल. झालं उलटं. ९९ टक्क्यांहून जास्त नोटा परत आल्या. व्याज न लागणाऱ्या नोटा बँकांतल्या ठेवी झाल्या, बँकांनी तो पैसा रिव्हर्स रेपोमध्ये रिझर्व्ह बँकेकडे ठेवला आणि रिझर्व्ह बँकेला त्यावर व्याज मोजावं लागलं: त्या खात्यावर निव्वळ १७,४२६ कोटी बाहेर गेले. नव्या नोटांच्या छपाईचा खर्च ३,४२१ कोटींवरून ७,९६५ कोटींवर गेला. सरकारला आदल्या वर्षी ६५,८७६ कोटी मिळाले होते, त्या वर्षी ३०,६५९ कोटी. आम्हा बँकवाल्यांसाठी तो काळ विचित्र होता; कर्ज घ्यायला कुणी येत नव्हतं आणि रोज संध्याकाळी एवढा पैसा रिझर्व्ह बँकेत नेऊन टाकायचा की दुसरं कामच सुचू नये. पैसा आम्हाला व्याज देऊन जात होता, आणि ते व्याज सरकारच्या वाट्यातून कापलं जात होतं.

हाच फेरा मोठा झाला की काय होतं, ते अर्जेंटिनात पाहायला मिळालं. तिथल्या मध्यवर्ती बँकेने सरकारसाठी पेसो निर्माण केले, मग ते बाजारातून शोषून घेण्यासाठी बँकांना लेलिक नावाचे अल्पमुदतीचे रोखे विकले आणि त्यांवर जबर व्याज दिलं. ते व्याज द्यायला आणखी पेसो, ते शोषायला आणखी लेलिक. महागाई आवरायला दर वाढवावा तर व्याजातून नव्या पेसोंचा लोंढा वाढतो. न वाढवावा तर लोक डॉलरकडे धावतात. डिसेंबर २०२३ मध्ये वार्षिक महागाई २११ टक्के होती. त्या बँकेचे पेसो एक दिवसही संपले नव्हते. संपलं होतं ते दर वाढवून काही साधायचं सामर्थ्य. सुरुवातीला मोकळीक म्हणालो ती हीच. गंगाजळी भरलेली असली की मध्यवर्ती बँक तोट्याच्या भीतीने दर रोखून धरत नाही, आणि सरकारच्या दारात भांडवल मागायलाही उभी राहत नाही. स्वीडनच्या रिक्सबँकेवर ती वेळ आली: २०२२ च्या मोठ्या तोट्यानंतर तिला संसदेकडे भांडवल मागावं लागलं आणि मागितलं त्यापेक्षा कमी मिळालं. स्वीडनमध्ये त्याने आभाळ कोसळत नाही. जिथे सरकार कर्जात बुडालेलं असतं तिथे त्या मागणीची किंमत काय लावली जाईल, ते सांगायला नको.

डॉलरचं मात्र साधं आहे: ते छापता येत नाहीत. १९९१ च्या मध्यावर भारताकडे परदेशी चलन सुमारे १ अब्ज डॉलर उरलं होतं, दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं. रिझर्व्ह बँकेच्या हिशेबात नफा होता, रुपयांची ददात नव्हती, तरी जुलैमध्ये सुमारे ४७ टन सोनं गहाण ठेवण्यासाठी विमानाने परदेशी पाठवावं लागलं आणि त्यावर साधारण ४० कोटी डॉलर मिळाले. म्हणून पुनर्मूल्यांकनाच्या ११ लाख कोटींवर बोट ठेवून ते गरिबांसाठी का वापरत नाहीत, असं कुणी विचारलं की मी हेच सांगतो: त्या आकड्यामागे रुपये नाहीतच. तो डॉलर आणि सोन्याचा रुपयांत लिहिलेला भाव आहे. तो वाटायचा म्हणजे एकतर डॉलर विकून टाकायचे, नाहीतर त्या नावाने नवे रुपये निर्माण करायचे.

पुढच्या मेमध्ये बातमी आली की मथळ्यातली रक्कम बाजूला ठेवा आणि वार्षिक अहवालातल्या लेख्यांच्या प्रकरणात तीन ओळी शोधा. कंटिन्जन्सी फंडासाठी तरतूद किती; परदेशी रोख्यांचं पुनर्मूल्यांकन खातं वजा आहे का; आणि गंगाजळीचं प्रमाण मंडळाने किती ठरवलं. २०२४-२५ चं उदाहरण करून पाहा: सरकारला २,६८,५९० कोटी गेले, तरतूद ४४,८६२ कोटी, आणि गंगाजळीचा पट्टा ५.५-६.५ ऐवजी ४.५ ते ७.५ टक्के असा रुंद करून प्रमाण थेट वरच्या टोकाला, ७.५ टक्क्यांवर नेलं गेलं. वरचं टोक गाठूनही एवढी रक्कम देता आली, म्हणून हा विक्रम मला २०२३-२४ च्या विक्रमापेक्षा भरीव वाटतो. पण पट्ट्याचं खालचं टोकही त्याच वेळी ४.५ वर आलं आहे. एखाद्या अडचणीच्या वर्षी मंडळाने प्रमाण ७.५ वरून ५ वर आणलं तरी नियम मोडणार नाही, आणि ताळेबंद याच आकाराचा राहिला तर तेवढ्या एका निर्णयातून जवळपास १ लाख ९० हजार कोटी सरकारला देण्यासाठी मोकळे होतील. त्या वर्षीचा मथळाही विक्रमाचाच असेल.